अन्न जाईल, डबा परत मिळेल

‘दर मंगळवारी रात्री दहाला फ्रिज साफ होईल. डब्यावर नाव आणि पदार्थ शिजवल्याची तारीख, दोन्ही लिहावे. शिजवलेले अन्न तीन दिवस राहील, भात एकच दिवस. तारीख नसलेला डबा बेवारस समजला जाईल. अन्न जाईल, डबा परत मिळेल.’

गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमधल्या फ्रिजवर मी ही नोटीस लावली. आम्ही चौघं आणि घरमालकाचा एकच दाराचा फ्रिज. आधी नियम एवढाच होता की डब्यावर नाव लिहायचं. त्यानेच सगळा घोळ केला. नाव लागलं की डब्याचा सातबाराच तयार होतो. आत काय सडतंय हे विचारणारे बाकीचे तिघे परके ठरतात. बिननावाची भाजी रात्री बारापर्यंत कोणीतरी संपवायचं. नावाची मात्र अमर.

मग तारखा आल्या. धुळ्याच्या भाऊंनी डब्यावर ‘कालची शेवभाजी’ असं लिहिलं. ती आठवडाभर कालचीच राहिली. येवल्याच्या गड्याने स्टीलच्या डब्याला चिठ्ठी लावायचं साफ नाकारलं. का, तर डब्यावर आधीच कोरलंय! पाहिलं तर झाकणावर मामा-मामींकडून सप्रेम भेट आणि खाली १९९६ मधली तारीख. आतली मटकी त्या मानाने ताजी होती. शिवाय पेनाने प्लास्टिकवर उमटत नाही आणि सेलोटेप ओलीने सुटते, म्हणून आता मास्किंग टेपचा रोल आणि मार्कर फ्रिजवरच ठेवलाय. मार्कर दोरीने बांधलेला आहे. माणसं मी ओळखून आहे.

खरं भांडण पेटलं ते भातावरून. “वास तर चांगला येतोय की,” भाऊ म्हणाले. हा युक्तिवाद आपल्या घराघरांत चालतो आणि शेवभाजीपुरता कधीकधी खराही ठरतो. पण वास येतो तो अन्न नासवणाऱ्या जंतूंमुळे. पोट बिघडवणारे जंतू वेगळे. ते वासाची वर्दी देतीलच असं नाही. भाऊंचा भात रविवारी रात्री नऊला शिजला, मॅच संपेपर्यंत कुकरमध्ये ओट्यावर बसला आणि एक वाजता फ्रिजमध्ये गेला. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवल्यावरही तग धरतात. भात कोमट राहिला की त्यांना जाग येते, त्यांची संख्या वाढते, आणि त्यातला एक प्रकार असं विष सोडतो की नंतर कितीही खरपूस फोडणी द्या, ते जात नाही. फ्रिज त्यांची वाढ रोखून धरतो, झालेलं विष परत घेत नाही. म्हणून भात पसरट ताटलीत काढून तासाभरात निववायचा आणि मग आत ठेवायचा. उद्याचा फोडणीचा भात हवा असेल, तर मॅच बघण्याआधी.

“आमच्या घरी शिळं खाऊनच मोठे झालो,” भाऊ म्हणाले. मी म्हटलं, भाऊ, शीतला सप्तमी वर्षातून एकदा येते, तुम्ही दर सोमवारी पाळताय.

मंगळवारच का? कारण बुधवारी गोदाकाठी बाजार भरतो. आदल्या रात्री फ्रिज सगळ्यांत रिकामा असतो. शिवाय सकाळी घंटागाडी येते, म्हणजे काढलेला माल घरात मुक्कामाला राहत नाही. साफसफाई तशी साधी आहे. प्लग काढायचा, फ्रीझरमधला बर्फ आपला आपण सुटू द्यायचा. सुरीने खरवडायचा नाही. आतली नळी फुटली की गॅस जातो आणि घरमालक येतो. मग लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून कप्पे पुसायचे. दाराच्या रबराच्या घड्या विसरायच्या नाहीत. सगळा काळा चिकटा तिथेच असतो.

पहिल्याच मंगळवारी मागच्या कोपऱ्यातून मिसळीच्या रश्शाची रबर लावलेली पिशवी निघाली. पार्सल कुठल्या रविवारचं, यावर एकमत होईना. वर तर्रीचा बोटभर थर. येवल्याचं म्हणणं, तेलाखाली काही खराब होत नाही. होतं, हवा न लागताही वाढणारे जंतू आहेतच. पण अडचण पुढची होती. घंटागाडीत ओला कचरा वेगळा, प्लास्टिक वेगळं. म्हणजे पिशवी फोडायला हवी, आणि फोडायला कोणी धजेना. शेवटी ती रात्रभर फ्रीझरमध्ये घातली. गोठली की वास मारत नाही आणि पिशवी सोलून निघते.

सकाळी भाऊ तो लालभडक गोळा बादलीत घेऊन खाली गेले. घंटागाडीवरच्या मावशींनी बादलीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, “पाव कुठंय?”