स. न. वि. वि., डिपॉझिट वळतं करावं

भाड्याचं घर सोडताना नगरमध्ये सगळ्यात जास्त बोललं जाणारं आणि सगळ्यात कमी लिहिलं जाणारं वाक्य म्हणजे ‘ते डिपॉझिटमधून वळतं करून घ्या’. सावेडीतला नोकरदार, नागापूर एमआयडीसीतला कामगार, राहुरीला कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या मुलाचे वडील, सगळे हे वाक्य जिन्यात उभं राहून म्हणतात, आणि घरमालक त्यावर ‘बघू ना’ म्हणतात. ‘बघू ना’चा अर्थ भाडेकरू ‘हो’ असा घेतो आणि मालक ‘नाही’ असा. पुढचे दोन महिने दोघेही एकमेकांना आनंदाने नमस्कार करतात, कारण दोघांच्याही मते हिशेब मिटलेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की या जागी एका पानाचं पत्र हवं, ते थकबाकी सुरू होण्याआधी द्यायला हवं, आणि त्याची जास्त गरज भाडेकरूला नसून घरमालकाला आहे. शेवटचा मुद्दा ऐकून मालकवर्ग हसेल. हसू द्या, कायदा त्यांच्याविरुद्ध कसा बसतो ते पुढे येईलच.

आधी पैशांची ओळख पटवू, कारण एकाच दिवशी एकाच पाकिटातून दिलेले पैसे दोन वेगळ्या जातीचे असतात. आगाऊ भाडं म्हणजे अजून न आलेल्या महिन्याचं भाडं. तो महिना आला की ते आपोआप संपतं, त्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. डिपॉझिट मात्र भाडं नव्हेच. ती भाडेकरूची रक्कम आहे, मालकाकडे तारण म्हणून ठेवलेली. सरकारलाही हे पक्कं ठाऊक आहे. लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क पाव टक्का लागतं, आणि ते काढताना एकूण भाड्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्के दराचं व्याज मिळवतात. म्हणजे भाडेकरूला जे व्याज कधीच मिळत नाही, त्यावर शुल्क मात्र इमानेइतबारे लागतं. तर मुद्दा असा, की आगाऊ भाड्याबाबत पत्रात ‘कळवतो’ म्हणायचं आणि डिपॉझिटबाबत ‘आपली संमती असावी’ म्हणायचं. बऱ्याच करारांत डिपॉझिट बिनव्याजी राहील, जागेचा ताबा दिल्यावर परत मिळेल आणि भाड्यात वळतं होणार नाही, असं छापलेलं असतं. असं कलम असेल तर मालकाच्या होकाराशिवाय दोन महिने भाडं न देणं म्हणजे थकबाकी, मग पत्राची भाषा कितीही गोड असो.

आता एक काल्पनिक पण नगरच्या भावात बसणारं उदाहरण. भाडं महिना आठ हजार, डिपॉझिट चोवीस हजार, शेवटच्या महिन्याचं आगाऊ भाडं आठ हजार, करार 1 जुलै 2025 ते 31 मे 2026. फेब्रुवारीपर्यंतचं भाडं रोख चुकतं झालं. पत्र लिहायचं फेब्रुवारीत, मार्च उजाडायच्या आत. मजकूर साधारण असा: ‘मे महिन्याचं भाडं आपल्याकडे जमा असलेल्या आगाऊ भाड्यातून धरावं. मार्च आणि एप्रिलचे सोळा हजार डिपॉझिटमधून वळते करण्यास आपली संमती असावी. उरलेले आठ हजार वीजबिल आणि काही मोडतोड असल्यास तिच्यासाठी आपल्याकडे राहावेत आणि हिशेबानंतर परत मिळावेत. आम्ही 31 मे रोजी किल्ल्या देऊ. तिन्ही महिन्यांच्या पावत्या द्याव्यात.’ दोन प्रती, एकीवर मालकाचं ‘मान्य’, सही आणि तारीख. बस्स. पत्त्यात मात्र गंमत होईल, कारण जुन्या कागदांवर अहमदनगर असतं आणि 2024 पासून जिल्हा अहिल्यानगर. दोन्ही लिहावं. भांडायला डिपॉझिट पुरेसं आहे, त्यात जिल्हा नको.

या पत्रातले शेवटचे आठ हजार उदारपणा म्हणून ठेवलेले नाहीत. भाडेकरूंची लाडकी युक्ती अशी, की तीन महिन्यांचं डिपॉझिट आहे तर तीन महिने भाडंच बंद करायचं आणि मोकळ्या हाताने निघायचं. पण महावितरणचं मे महिन्याचं बिल येतं जूनमध्ये, मालकाच्या नावावर, आणि तोवर टेम्पो केडगाव ओलांडून पुण्याच्या वाटेला लागलेला असतो. मालक डिपॉझिट वळतं करायला का कचरतो याचं खरं कारण बहुतेक वेळा हे बिल आणि भिंतीतले खिळे हेच असतं. त्याला थोडी रक्कम हातात ठेवू दिली, किल्ल्या देताना मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला, की ‘बघू ना’चं ‘बरं’ होतं. उलट डिपॉझिट बाकी आहे म्हणून मुदतीनंतर महिनाभर राहून ते ‘फेडून घेण्याचा’ विचार करणाऱ्याने महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 चं चोविसावं कलम वाचावं. मुदत संपूनही राहत्या जागेचा ताबा न सोडणाऱ्याकडून करारातल्या दराच्या दुपटीने नुकसानभरपाई घेता येते. आठ हजारांचं डिपॉझिट मग पंधरा दिवसांत संपतं.

पहिला आक्षेप अपेक्षित आहे: घरच्यासारखे संबंध असताना पत्र कसलं, अविश्वास दिसतो. याचं उत्तर त्याच कायद्याच्या पंचावन्नाव्या कलमात आहे. करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची, मग तो अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा. तसा नोंदलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं, आणि नोंदणी न करणाऱ्या मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अकरा महिन्यांच्या नोटरी कागदावर निर्धास्त झोपणाऱ्या मालकाने हे उशाशी ठेवावं. भाडेकरू उद्या म्हणाला की ‘सगळंच आगाऊ भाडं होतं’, तर मालकाजवळ त्याला उत्तर द्यायला हे एक पानच असणार. त्यात भाडेकरूने स्वतःच्या सहीने निघायची तारीखही लिहून दिली आहे. घरमालकाला याहून गोड प्रेमपत्र कोणी लिहिणार नाही.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे: आगाऊ भाडं आपोआप वळतं होतं म्हणता, तर त्यासाठी तरी पत्राची गरज काय? कायद्याच्या दृष्टीने कदाचित नसेलही. बिहारमधल्या एका भाडेकरूचे दोन महिन्यांचे पैसे मालकाकडे आगाऊ जमा होते, गरज पडेल तेव्हा ते वळते करायचे अशी बोली होती. दोन महिन्यांचं भाडं थकलं म्हणून मालकाने जागा खाली करण्याचा दावा लावला. आगाऊ रक्कम वळती करा असं भाडेकरूने सांगितलं नव्हतं, हा वादाचा मुद्दा ठरला. 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने भाडेकरूच्या बाजूने निकाल दिला: पैसे हातात असताना मालकानेच ते वळते करायला हवे होते, भाडेकरू थकबाकीदार नाही. भाडेकरू जिंकला, हे खरं. पण दोन महिन्यांच्या भाड्यासाठी दिल्लीपर्यंत जाऊन जिंकला. तेवढा वेळ आणि वकिलाची फी ज्याच्याजवळ असेल त्याने पत्र खुशाल टाळावं.

उरला तो प्रश्न: मालकाने सहीच केली नाही तर? गप्प बसणं म्हणजे संमती नव्हे, हे डिपॉझिटबाबत कडक लक्षात ठेवावं. पत्र पोचल्याची पावती मिळेल अशा रीतीने टपालाने पाठवावं (2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच मिसळलं आहे, तेव्हा खिडकीवर जुनं नाव घेऊन अडून बसू नये), तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही टाकावा, आणि उत्तर येईपर्यंत मार्चचं भाडं मुकाट्याने भरावं. पत्र कोणाच्या नावे, हेही बघावं. करारावर नाव काकांचं असतं, भाडं मोजून घेतात काकू, आणि जागा निघते पुण्यातल्या थोरल्या भावाच्या नावावर. पत्र करारातल्या नावानेच जावं, सही काकांचीच घ्यावी. काकूंना आधी वाचून दाखवावं, म्हणजे काकांची सही लवकर होते.