बाराटक्के भाऊंचं शिफारसपत्र

आमच्या जिनिंगच्या दिवाणजींकडे संगणकात एक पत्र कायमचं तयार असतं. नोकरी सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला तेच मिळतं, फक्त नाव आणि तारखा बदलतात. 'सदर इसम प्रामाणिक, मेहनती व होतकरू असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे. त्यांच्या भावी आयुष्यास शुभेच्छा.' रात्रपाळीत काट्यावरच घोरणाऱ्या चौकीदाराला हे पत्र मिळालं होतं. डिझेलचा हिशेब कधीच न जुळलेल्या ड्रायव्हरलाही मिळालं होतं. बाराटक्के भाऊ जायला निघाले तेव्हा दिवाणजींनी त्यांच्याही हाती तेच ठेवलं. साठीला टेकलेला माणूस कागदावर होतकरू झाला.

भाऊंनी पत्र वाचलं, घडी घातली आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं.

"साहेब, हे कोनाचं हाये?"

"तुमचंच ना, भाऊ."

"नाव माहं हाये. आतला माल कोनाचा हाये?"

भाऊ आमचे ग्रेडर. खरं आडनाव कागदोपत्रीच राहिलं. वणीपासून पांढरकवड्यापर्यंतचे शेतकरी त्यांना बाराटक्के म्हणूनच ओळखतात. कारण सरळ आहे. सीसीआयच्या हमीभावाच्या खरेदीत कापसातला ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो, आठच्या वर प्रत्येक टक्क्याला भाव कापला जातो आणि बाराच्या वर माल घेतच नाहीत. खाजगी खरेदीत असं बंधन नाही. ओला माल भाव पाडून घेणारे पुष्कळ. भाऊ मात्र आमच्या खाजगी फाटकावर उभे राहूनसुद्धा बाराचा नियम चालवायचे आणि वर मला ऐकवायचे, "सरकार घेत नाही ते आपन कायले घ्यावं जी?" त्यांनी हे काम एकाधिकार खरेदीच्या काळात पणन महासंघाच्या एका जुन्या ग्रेडरच्या हाताखाली उभं राहून उचललं. पदवी नाही, प्रमाणपत्र नाही. हात आहेत.

ते हात पाहण्यासारखे. ट्रॉली आली की भाऊ वरच्या कापसाकडे बघतसुद्धा नाहीत. वर पहिल्या वेचणीचा पांढराशुभ्र थर असतो, तो दाखवायचाच असतो. भाऊ कोपरापर्यंत हात घालतात, मधला पुंजका ओढून काढतात आणि त्यातली सरकी दाताखाली धरतात. कोरडी सरकी कट्‌कन फुटते, ओली नुसती दबते. मग मुठीत कापूस आवळून सोडतात. चांगला कापूस परत फुलतो, ओला गोळा होऊन बसतो. शेवटी दोन्ही हातांच्या चिमटीत पुंजका ओढून ओढून धागे समांतर करतात, शर्टाच्या बाहीवर ठेवतात आणि म्हणतात, "अठ्ठावीस." म्हणजे मिलीमीटर. हे सगळं चालू असताना चेहऱ्यावर असा भाव, की जणू शेतकऱ्याने कापूस नव्हे, मुलीसाठी स्थळ आणलंय आणि मुलगा भाऊंना पसंत नाही.

त्यानंतर आमचा पोरगा ओलावा मोजायचं मीटर खुपसतो. मीटरचा आकडा भाऊंच्या आकड्याशी जुळला तर भाऊ मीटरकडे कौतुकाने बघतात.

लेक आदिलाबादला दिलेली, नातवंडं तिथं, म्हणून भाऊ पैनगंगेपलीकडे चालले होते. तिथल्या एका जिनिंगच्या मॅनेजरने फोनवर मला सांगितलं होतं, माणूस कसा आहे ते मराठीतच लिहा, पण नीट लिहा. त्याच्या डोक्यात काय चाललं असणार, ते मी ओळखून होतो. त्याला भाऊंचं चारित्र्य नको होतं. उद्या त्याच्या फाटकावर हा माणूस उभा राहिला तर काय काय घडेल, एवढंच त्याला हवं होतं. 'प्रामाणिक' या शब्दाने ते कळत नाही. तो शब्द तर चौकीदारालाही मिळाला होता.

मी बसलो लिहायला. पहिलं वाक्य सोपं होतं: सहा हंगाम मी यांच्या वरचा मॅनेजर होतो, रोज काम पाहिलं आहे. वाचणाऱ्याला आधी हेच कळायला हवं, की लिहिणारा किती जवळून बघत होता. दुसरं वाक्य 'अनुभवी ग्रेडर' म्हणून सुरू झालं आणि तिथंच अडलं. अनुभव म्हणजे काय, ते एका ट्रॉलीवरून सांगितलं तरच कळणार. म्हणून ती ट्रॉली लिहिली.

तेव्हा हंगाम ऐन भरात होता. पंचवीस क्विंटलची ट्रॉली होती. माल तालुक्यातल्या एका वजनदार माणसाचा, मालकांच्या बसण्याउठण्यातला. ड्रायव्हरने वरच्या थरात मीटर लावून घेतलं, दहा. भाऊंनी कोपरापर्यंत हात घातला आणि म्हणाले, "चौदा. खालून पानी मारलं हाये." मधे मीटर लावलं, चौदा. चार टक्के जास्तीचं पाणी म्हणजे पंचवीस क्विंटलमधे एक क्विंटल. त्या दिवशीच्या भावाने सात हजार रुपये आम्ही नळाच्या पाण्याचे मोजणार होतो. तेवढ्यावर भागत नाही. ओला कापूस गंजीत तापतो, रुई पिवळी पडते, जिनच्या रोलरला चिकटते, सरकी फुटून तिचे तुकडे रुईत जातात. मग गिरणीवाला गाठीमागे भाव कापतो. मालकांचा फोन आला. मालक म्हणाले, घेऊन टाका. भाऊ म्हणाले, "घ्या जी. चिठ्ठीवर सही तुमी करा." सही कोणी केली नाही. ट्रॉली परत गेली, दोन दिवस उन्हात पसरली, दहा टक्क्यांवर परत आली आणि आम्ही ती पूर्ण भावाने घेतली.

इथे थांबलो असतो तर पत्र गोडच झालं असतं. पण त्या वजनदार माणसाने त्यानंतर आमच्या फाटकाला पाय लावला नाही, आणि त्याच्यामागे त्याच्या गावच्या गाड्याही दुसरीकडे वळल्या. तेही लिहिलं. आदिलाबादच्या माणसाला दोन्ही हवं. सात हजार वाचले हेही, आणि एक गाव गेलं हेही.

मग दोष. पहिल्या कच्च्या कागदावर मी 'स्वभावाने हट्टी' असं लिहिलं आणि खोडलं. हट्टी म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे त्याच्या ओळखीतला हट्टी माणूस उभा राहतो, आमचे भाऊ नाही. त्याऐवजी लिहिलं, की लिलावात एकदा बोललेला भाव हे वाढवत नाहीत, त्यामुळे तेजीच्या दिवशी चांगला माल हातचा जातो. अशा दिवशी सोबत दुसरा माणूस द्यावा. 'हळू काम करतात' हेही खोडलं. लिहिलं, की प्रत्येक ट्रॉलीत तीन ठिकाणी हात घालतात, म्हणून डिसेंबरात रांग रस्त्यापर्यंत जाते. फाटकावर जागा कमी असेल तर आधीच विचार करावा. फोन उचलत नाहीत, हे मात्र तसंच ठेवलं. त्याला दुसरे शब्द नाहीत. भाऊंचा फोन खिशात वाजतो आणि भाऊ आजूबाजूला बघतात, कोणाचा वाजतोय म्हणून.

दिवाणजी पाठीमागून वाचत होते. म्हणाले, "पोळ्याच्या दिवशीचं भांडणबी घाला." ते भांडण भाऊ आणि त्यांच्या साडभावातलं, शेताच्या धुऱ्यावरून झालेलं. जिनिंगच्या फाटकाच्या आत जे घडलं नाही, ते पत्रात येत नाही. प्रेसच्या मशीनवर किंवा हिशेबाच्या वहीवर भाऊंना मी कधी पाहिलं नव्हतं. त्याबद्दल काही सांगता येत नाही, असं सरळ लिहून मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी पत्र भाऊंना वाचायला दिलं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला दाखवण्याजोगं नसेल तर ते पत्र नाही, चुगली आहे, असं माझं मत. भाऊंनी चष्मा लावला, खुर्ची उजेडाकडे ओढली, आणि पत्राची ग्रेडिंग सुरू झाली. पहिला परिच्छेद त्यांनी सोडूनच दिला. वरचा थर. थेट मधे बोट घातलं.

"हे 'मीटरविना ओलावा अचूक सांगतात' कोनी लिवलं?"

"मी. खरंच आहे ना?"

"जानेवारीत खरं हाये. ऑक्टोबरात नाही."

मग त्यांनी समजावलं. हंगामाच्या सुरुवातीला सकाळी दव असतं. वरून कापूस थंड लागतो, आणि थंड कापूस हाताला ओला वाटतो. बोटं फसतात, कधी एक टक्का, कधी दोन. दुपारी ऊन चढल्यावर हात पुन्हा वळणावर येतो. "सकाळच्या गाड्यांले मीटर आधी लावा मनाव त्यांले. नाहीतर मी गरिबाचा सुका माल ओला ठरवीन, न् तो बिचारा गाडीभाडं भरून परत जाईन."

सहा हंगाम मी त्यांच्या वर होतो आणि हे मला त्या दिवशी कळलं. ते वाक्य त्यांच्यासमोरच घातलं.

मी दोष लिहिले म्हणून भाऊ रागावतील अशी दिवाणजींची खात्री होती. चहा मागवून ते दाराशी उभेच होते. भाऊ दोषांवरून सरळ पुढे गेले. लिलावाचं वाचून म्हणाले, "बरोबर." रांगेचं वाचून म्हणाले, "बरोबर." फोनचं वाचून खिसा चाचपला. अडले ते शेवटच्या ओळीवर. तिथे माझ्या हातून सवयीने 'अत्यंत मेहनती' असं पडलं होतं.

"हे काढा जी. मेहनती तर बैलबी असते. अन् 'अत्यंत' कायले? ह्याच्यानं बाकीच्या मालावरबी संशय येते."

काढलं. शेवटी पाऊण पान उरलं. आदिलाबादच्या मॅनेजरचा फोन आला तेव्हा त्याने पगाराचं किंवा चारित्र्याचं काही विचारलं नाही. विचारलं एवढंच, सकाळी मीटर किती वाजेपर्यंत लावायचं. मी म्हटलं, दव उतरेपर्यंत, आणि नक्की वेळ भाऊंनाच विचारा, फोन करू नका, समोर जाऊन विचारा.

आता पत्राची शेवटची ओळ, कारण कोणताही मॅनेजर आधी तीच वाचतो: 'हे परत आले तर मी यांना त्याच फाटकावर, त्याच पगारापेक्षा थोडा जास्त देऊन उभं करीन, पण लिलावाला पाठवणार नाही.'