एक जूनचा खोडवा

एक जूनला कुंभार पिंपळगावात कुणाचा वाढदिवस नाही, हे विचारणं सोपं. आमच्या पिढीतल्या निम्म्या पोरांना गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर हीच तारीख दिली. सहा वर्षं पुरी दाखवायची, आईला तारीख आठवत नाही, मग काय! माझा मित्रही त्यातलाच. यंदा मात्र त्याला काय लिहावं, यावर तासभर अडलो.

त्याला टीबी झालाय. मार्चअखेरीला गोळ्या सुरू झाल्या. ‘लवकर बरा हो’ लिहिलं आणि खोडलं. उपचार सहा महिन्यांचा. लवकर कसा होईल? ‘तू वाघ आहेस’ हेही खोडलं. वजन पंचेचाळीस किलो असताना वाघाला वाईट वाटलं असतं.

पहिल्याच आठवड्यात त्याचा घाबरून फोन आला होता, “लेका, मला कावीळ झाली!” लघवी संत्र्याच्या सरबतासारखी केशरी झाली होती. आशाताईंनी सांगितलं, तो रिफाम्पिसिनचा रंग, त्याला भ्यायचं कारण नाही. डोळे पिवळे झाले, सारखी उलटी झाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

खरी पंचाईत नंतर झाली. महिन्याभरात खोकला थांबला, भूक लागली आणि साहेब म्हणाले, “आता कशाला गोळ्या?” मी त्याला उसातलं उत्तर दिलं. ऊस तोडला म्हणजे संपला का? बुडखे जमिनीत असतात, पाणी मिळालं की खोडवा फुटतो. खोकला थांबला म्हणजे वरचा ऊस तुटला एवढंच. काही जंतू आत दडून बसतात. गोळ्या मधेच सोडल्या की तेच फुटतात, आणि हा खोडवा जुन्या औषधाला दाद देईलच असं नाही. मग नवी औषधं, नवी तपासणी, नवा हिशेब. खोडवा दोघांनीही राखलेला असल्यानं वाद तिथंच मिटला.

परवा दोन महिने झाले. थुंकीच्या तपासणीत जंतू दिसले नाहीत. चार औषधांतलं एक कमी झालं, आता चार महिने तीनच. पण वजन एक्कावन्न भरलं, आणि गोळ्या वजनावर ठरतात. रोजच्या तीन होत्या, त्या चार झाल्या. औषध घटलं, गोळी वाढली! सहा किलो कमावल्याचं हे बक्षीस.

शेवटी लिहिलं: “वाढदिवसाच्या शुभेच्छा. गोळ्या सप्टेंबरअखेरपर्यंत आहेत, कंटाळा येणार, मळमळणारही. शिव्या द्यायच्या असतील तर रात्री नऊनंतर फोन कर, तोवर मी मोकळा नसतो.”

उत्तर आलं: “आई म्हणते, मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा. तेव्हा परत पाठव. गोळ्या तेव्हाही चालूच असतील.”