नाल्याची वेळ

आपल्याकडे मोटारसायकलवाल्याची पत किलोमीटरवर ठरते. सकाळी पुणे सोडून रात्री बंगळूरला जेवलेल्या माणसापुढे बाकीचे आपोआप गप्प बसतात. असा माणूस मनाली–लेहचं जेमतेम सव्वाचारशे किलोमीटर अंतर बघतो आणि म्हणतो, ‘दीड दिवस, फार तर.’ वाटेवरच्या जिस्पाचा ढाबेवाला त्याचं हे गणित शांतपणे ऐकून घेतो आणि सांगतो, ‘सुबह पाँच बजे निकल जाना.’

कारण नाला. दारच्याच्या पुढे काही ठिकाणी बर्फाचं पाणी रस्त्यावरूनच वाहतं. रात्रीच्या थंडीत बर्फ वितळायचं थांबतं, म्हणून सकाळी जे पाणी घोट्याखाली असतं, ते उन्हं तापल्यावर दुपारी गुडघ्याला लागतं आणि खालचे गोटे दिसेनासे होतात. नळाची वेळ सांभाळत संसार केलेल्या आपल्या माणसाला हे खरं तर लगेच कळायला हवं. नाले सकाळीच उरकायचे, म्हणजे जिस्पा ते सरचू हे 85-90 किलोमीटर हाच पूर्ण दिवस. शिवाय सरचू सव्वाचार हजार मीटरच्या वर. जिस्पाला दोन रात्री काढल्या नाहीत, तर सरचूला डोकं ठणकत रात्र जाते.

नाल्यात शिरायचं ते पहिल्या गियरवर, ट्रक जिथून गेला तिथून, ॲक्सिलरेटर एकसारखा धरून. मध्येच घाबरून अर्धा क्लच दाबत इंजिन किंचाळवलं, की जळक्या क्लच प्लेटचा वास येतो. क्लचची केबल तुटली, तर गारठलेल्या बोटांनी नवी ओवणं अशक्यच. म्हणून जाणती मंडळी घरूनच जुन्या केबलशेजारी नवी ओवून पट्ट्यांनी बांधून ठेवतात. वेळ आली, की फक्त दोन टोकं अडकवायची.

पोशाखाचंही तसंच. कोपर-गुडघ्यांना गार्ड असलेलं भारी जॅकेट हवंच, कारण गोट्यांवर आपटायचा योग असतो. पण सगळी शान पायाशी उतरते. लोकरी मोजा, त्यावर किराणा दुकानातली प्लास्टिकची पिशवी, मग बूट. रेनपँट बुटाच्या बाहेर सोडायची. आत खोचली, तर बूट भरलाच म्हणून समजा.

मुहूर्त कोणता? जुलै-ऑगस्टमध्ये खरी धास्ती मंडी-कुलूच्या दरडींची. अटल बोगद्यापलीकडे पाऊस पुष्कळ कमी. सप्टेंबरात दरडी आणि नाले दोन्ही नरमतात. म्हणून आपला गडी हुशारीने सप्टेंबरात जातो, पाचाचा गजर लावतो. तेव्हा ढाबेवाला सांगतो, ‘आठ से पहले मत निकलना.’ आता पहाटे त्याच ओल्या रस्त्यावर पातळ बर्फ धरलेलं असतं, आणि त्यावरून चाक सटकतं.