गोड लस्सीचे अकाली विघटन आणि जावयाचे विलंबित आगमन

परळी तालुक्यातील धर्मापुरी येथे उन्हाळ्यात पाहुण्यांसाठी आगाऊ करून ठेवलेली गोड लस्सी दोन प्रकारे बिघडते : एक तर ती फाटते, म्हणजे वर पाणी आणि तळाशी चोथा असे तिचे दोन भाग होतात, किंवा ती आंबते. हे दोन्ही विकार बहुधा ‘जावईकाळा’त उद्भवतात. जावयाने दूरध्वनीवर ‘निघालोच’ म्हटल्यापासून त्याची चप्पल उंबऱ्याबाहेर निघेपर्यंतच्या अवधीस येथे जावईकाळ म्हटले आहे. २०२६ साली अधिक ज्येष्ठ, म्हणजेच धोंड्याचा महिना, १७ मे ते १५ जून असा ऐन उन्हात आल्याने या विषयास विशेष निकड प्राप्त होते.

वरील दोन विकारांचे मूळ एकच आहे. विरजणातील जिवाणू दुधातील साखरेचे आम्ल करतात, त्या आम्लाने दुधातील प्रथिनांची जाळी बनते आणि तीत पाणी अडकून राहते, यालाच दही लागणे म्हणतात. परंतु दही लागले म्हणून जिवाणू थांबत नाहीत, उष्णतेत ते आम्ल वाढवीत राहतात, जाळी आवळत जाते आणि पाणी बाहेर पडते. घुसळल्यावर तर जाळीचे तुकडेच होतात व पातळ लस्सीत ते सावकाश तळाशी बसतात. म्हणून पहिला नियम असा, की लस्सी आगाऊ करू नये. तिचे घटक आगाऊ सिद्ध ठेवावेत.

आठ पेले लस्सीसाठी दोन लिटर म्हशीचे दूध मंद आचेवर दहा मिनिटे उकळावे, कारण चांगल्या तापलेल्या दुधाच्या दह्याला पाणी कमी सुटते. ते कोमट झाल्यावर ताज्या, गोड दह्याचे एक लहान चमचा विरजण लावावे. हे काम आदल्या दिवशी सायंकाळी पाचच्या सुमारास करावे. मे महिन्यात रात्री दहाला विरजण लावून जो निश्चिंत झोपतो, त्याला सकाळी दही नव्हे तर कढीचे साहित्य मिळते. भांडे किंचित कलते केल्यावर दही कडेपासून एकसंध हलले व वर पाणी दिसले नाही, तर ते त्याच क्षणी शीतकपाटात ठेवावे, मग घड्याळात रात्रीचे अकरा का वाजलेले असेनात. दही एका मोठ्या पातेल्यात न लावता दोन पसरट भांड्यांत लावावे, कारण मोठ्या पातेल्याच्या कडा गार झाल्या तरी मध्यभाग तासन्‌तास कोमट राहून आंबतच असतो. भांडे पितळी असल्यास कल्हई तपासावी. कळकलेल्या दह्यावर उपाय नाही.

सकाळी ते दही मलमलीच्या कापडात बांधून, शीतकपाटातच, साधारण अर्धा लिटर पाणी निघेपर्यंत निथळू द्यावे (हे पाणी कणकेत वापरावे), उरलेल्या घट्ट दह्यात दोनशे ग्रॅम पिठीसाखर मिसळून ते पुन्हा गार ठेवावे, आणि जावई दारात दिसल्यावर, दारात दिसल्यावरच, त्यात अर्धा लिटर बर्फगार पाणी घालून रवीने घुसळावे. घट्ट दह्यात तुकड्यांना तळाशी जायला वाटच नसते, हे यामागील सगळे शास्त्र. लोण्याचे कण दिसू लागताच रवी थांबवावी. बर्फ पेल्यात घालावा, पातेल्यात नव्हे.

वीज गेल्यास ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ कोरड्या हवेमुळे उत्तम गार राहतो, तथापि तो आंबणे लांबवतो, थांबवीत नाही. तासाभरापलीकडे त्याच्यावर विसंबू नये.

फाटलेली लस्सी आंबट नसेल तर पुन्हा घुसळून लगेच वाढता येते. आंबलेलीत आणखी साखर ओतल्याने ती आंबट-गोड होते, गोड होत नाही. खाण्याचा सोडा आम्ल मारतो खरा, पण चव साबणाकडे झुकते. त्यातल्या त्यात, उकळून पूर्ण गार केलेले दूध घालून तत्काळ वाढावे; दूध कोमट असल्यास गुठळ्या होतात, आणि वेळ गेल्यास घातलेले दूधही आंबते.

येथवर दोष दह्याचा. परंतु परळीहून अकराला पोहोचणारा मनुष्य गावातल्याच केदारेश्वर मंदिरापाशी गाडी थांबवून तेथील चालुक्यकालीन शिल्पांपुढे तीन तास छायाचित्रे काढत राहतो, याला कोणते विरजण जबाबदार धरावे? शिल्पे सुंदर आहेत, मान्य. ती शतकानुशतके टिकली आहेत, आणखी एक दुपार टिकली असती. बरे, दोन वाजता आल्यावर हा गृहस्थ पेला तोंडाला लावून म्हणतो, ‘मामा, मला खरं तर ताकच आवडतं.’ मग दुसरा पेला मागतो, तिसराही, आणि मिशीला लागलेली साय तशीच ठेवून पलंगावर घोरू लागतो. अशा वेळी चौथा पेला त्याच्या नावाने शीतकपाटात झाकून ठेवावा लागतो, आणि तो घुसळलेला असल्यामुळे सायंकाळपर्यंत फाटतोच.