नम्र आठवण, क्रमांक चार

एके काळी परळ-लालबागमध्ये माणसांना कामावर बोलवायला गिरणीचा भोंगा पुरत असे. तो सगळ्यांसाठी सारखाच वाजे आणि त्याची प्रत कुणाच्या साहेबाला जात नसे. आता त्याच गिरण्यांच्या जमिनींवर काचेच्या कचेऱ्या आहेत आणि डिसेंबर उजाडला की तिथे ई-मेल वाजतात : ‘अंतिम स्मरणपत्र. आपण अनिवार्य प्रशिक्षण अद्याप पूर्ण केलेले नाही. कसूर झाल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल.’ आठवड्याने ‘अत्यंत अंतिम’ येतं. सुरुवातीला ‘नम्र’ असेल, तर लिहिणारा जास्तच चिडलाय असं समजावं.

हे प्रशिक्षण बहुधा कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणाऱ्या २०१३च्या कायद्याचं असतं. कचेरीत त्याला नुसतं ‘पॉश’ म्हणतात. या कायद्याचं १९वं कलम वाचलं तर दरडावणाऱ्याचा आवाज जरा खाली यावा. कर्मचाऱ्यांसाठी ठरावीक काळाने कार्यशाळा घ्या, असं ते सांगतं ते मालकाला. कायदा पाळला नाही तर ५० हजार रुपयांपर्यंतचा दंडही मालकालाच. वर्षभरात किती कार्यशाळा झाल्या, हे वार्षिक अहवालात लिहायचं असतं आणि ते वर्ष डिसेंबरला संपतं. साहेबांना जाग येते ती तेव्हा. म्हणजे देणं कंपनीचं आणि तगादा आपल्याकडे!

लोअर परळच्या एका कचेरीत एचआर सांभाळणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. चौथी नम्र आठवण धाडण्याआधी त्यांनी एक अघोरी प्रकार केला : यादी उघडून वाचली. तेव्हा कळलं की आधीच्या तिन्ही आठवणी सगळ्या कचेरीला गेल्या होत्या. ज्यांनी नोव्हेंबरातच काम उरकलं होतं, त्यांनाही तीनदा दम मिळाला होता. अशा माणसांना एकच प्रशिक्षण पक्कं मिळतं, एचआरचा मेल न उघडण्याचं. उरलेल्यांतल्या काहींनी शेवटची प्रश्नावलीसुद्धा सोडवली होती, पण ‘एक्झिट’चं बटण न दाबता खिडकी सरळ बंद केली होती. त्यामुळे निकाल नोंदलाच गेला नाही आणि यंत्राच्या लेखी ते ‘अपूर्ण’ राहिले. काही जण नुकतेच रुजू झालेले, त्यांना लॉगिनच नव्हतं. हिशेब खात्याची मंडळी मात्र खरोखरच टाळत होती. (टाळणाऱ्यांत एक उपाध्यक्षही होते. त्यांना आठवण पाठवायची हिंमत यंत्राखेरीज कुणात नव्हती.)

मग बाईंनी मेल नव्याने लिहिला आणि तो फक्त बाकी असलेल्यांना, ज्याच्या त्याच्या नावाने पाठवला. साहेबांना प्रत नाही. विषय : ‘तुमची २५ मिनिटं हवी आहेत, शुक्रवार १९ डिसेंबरपर्यंत’. मजकूर एवढाच : ‘तुमचे पाचपैकी तीन भाग झाले आहेत, दोन उरलेत. जिथे थांबलात तिथूनच सुरू होईल. दुवा खाली आहे. शेवटी एक्झिट दाबल्याशिवाय नोंद होत नाही. करूनही अपूर्ण दिसत असेल तर पुन्हा करू नका, मला फोन करा, मी तपासते. कंपनीला वर्षाच्या अहवालात ही नोंद द्यावी लागते, म्हणून ही तारीख.’

यात ‘कृपया’ एकदाही नाही आणि तरी कुणाला राग आला नाही. राग येतो तो अपराधी ठरवल्याचा. किती उरलंय, किती वेळ लागेल आणि अडलं तर कुणाला विचारायचं, एवढं सांगितलं की लोक ते करून टाकतात. तारीखही बाईंनी मुद्दाम मागे ओढली. ३१ डिसेंबरला अर्धी कचेरी कोकणात असते आणि उरलेली अर्धी मनाने. अलीकडची तारीख ठेवली की अडलेल्यांची नोंद दुरुस्त करायला हातात दहा-बारा दिवस राहतात.

एवढं सगळं झाल्यावर एक गोष्ट बाईंच्या ध्यानात आली. कायद्याच्या व्याख्येत कंत्राटी आणि रोजंदारीवरची माणसंही कर्मचारी आहेत. चहा देणारे काका, सफाईच्या मावशी, साहेबांचा ड्रायव्हर यांना ना ई-मेल होता, ना आठवण. यादीतच नव्हते, म्हणून ते ‘अपूर्ण’ही दिसत नव्हते. वर ते अख्खं प्रशिक्षण इंग्रजीत, तेही ‘सिनेरिओ’ आणि ‘स्टेकहोल्डर’वालं.

तेव्हा एचआरमधल्या ताई-दादांनो, पाचवी नम्र आठवण लिहायला घेण्याआधी एका दुपारी पॅन्ट्रीत सगळ्यांना बोलवा आणि मराठी-हिंदीत तासभर बोला. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, लिहिता येत नसेल तर ती लिहायला मदत करणं कंपनीच्या अंतर्गत समितीचं काम आहे आणि समितीत कोण कोण आहे, हे त्यांना सांगा. समितीतल्या माणसांची नावं आणि फोन नंबर तिथल्या भिंतीवर लावा.