झोपेचा डबा आणि जागं फर्दापूर

फर्दापुरात हल्ली सगळ्यांना स्ट्रेस आहे. पूर्वी कर्ज होतं, पोरीचं लग्न होतं, कापसाचा भाव होता. आता या सगळ्याला मिळून स्ट्रेस म्हणतात, कारण कर्जावर कॅप्सूल मिळत नाही, स्ट्रेसवर मिळते. टी-पॉइंटवरच्या दगड विकणाऱ्यांचा स्ट्रेस तर समजण्यासारखाच आहे. परदेशी पाहुणा जांभळ्या स्फटिकाचा दगड उचलतो, उजेडात धरतो, बायकोला दाखवतो, भाव निम्म्यावर आणतो आणि मग दगड जागेवर ठेवून लेण्यांच्या बसमध्ये चढतो. सोमवारी लेणी बंद असतात, पण स्ट्रेसला साप्ताहिक सुट्टी नाही.

यावर गावाने एकमताने तोडगा काढला आहे : अश्वगंधा. ठराव ग्रामसभेत नव्हे, व्हॉट्सॲपवर झाला, त्यामुळे कोरमचा प्रश्न आला नाही. डब्यावर उधळलेला घोडा आहे. झोपेच्या औषधावर उधळलेला घोडा का, हे विचारणारा माणूस गावात निघाला नाही. गंमत म्हणजे हीच वनस्पती ढोरगुंज नावाने बांधावर उभी असते, तेव्हा शेळीसुद्धा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. डब्यात शिरली की तिचा भाव पाचशे रुपये.

आता अश्वगंधेची बाजूही मांडू, नाहीतर ‘आपल्या परंपरेचा द्वेष’ म्हणून आमच्या नावाने फॉरवर्ड फिरेल. 2012 मध्ये हैदराबादला 64 ताणग्रस्त माणसांवर प्रयोग झाला. निम्म्यांना मुळांच्या अर्काच्या 300 मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून दोनदा, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची कॅप्सूल. 60 दिवसांनी अर्कवाल्यांचा ताण जास्त उतरला आणि रक्तातलं कॉर्टिसोल सुमारे 28 टक्के कमी झालं. झोपेवर 2019 मध्ये एक प्रयोग छापून आला, त्यात नवी मुंबईचे डॉक्टर होते आणि रुग्ण 60. दहा आठवड्यांनी अर्क घेणाऱ्यांना झोप लवकर लागू लागली होती. पुढे असे पाच प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा फायदा दिसला, पण लहान. त्यातल्या त्यात निद्रानाशाच्या खऱ्या रुग्णांना आणि आठ आठवडे टिकून राहिलेल्यांना. म्हणजे दावा अगदीच हवेतला नाही. पण पहिल्याच रात्री बारापर्यंत रील बघून, वर चमचाभर चूर्ण घेऊन घोरायला लागलेल्या आमच्या मित्राने अश्वगंधेचे आभार मानू नयेत. त्याने दिवसभराच्या दमणुकीचे मानावेत. शिवाय प्रयोगातला मोजलेला अर्क वेगळा आणि कागदाच्या पुडीतलं चूर्ण वेगळं, हा भेद चमच्याला कळत नाही.

खरी गोष्ट आहे ती थायरॉइडची. आमच्या ओळखीतल्या एक वहिनी (गावोगाव अशा वहिनी आहेत, आपापल्या ओळखीतली धरावी) रोज उपाशीपोटी थायरॉक्सिनची 50 मायक्रोग्रॅमची गोळी घेतात. रिपोर्ट छान होता. कापूस वेचणी, सासूबाईंचा गुडघा आणि मुलाची दहावी एकाच हंगामात आली आणि वहिनींची झोप उडाली. नणंदेने डबा दिला. तीनेक आठवड्यांनी वहिनींच्या छातीत धडधड सुरू झाली, चहाचा कप बशीत वाजू लागला, थंडीत घाम येऊ लागला, वजन उतरलं. शेजारणींनी वजनाबद्दल अभिनंदन केलं. झोप होती तीही गेली. मग वहिनींनी तर्कशुद्ध निर्णय घेतला : झोप येत नाही, म्हणजे डोस कमी पडतोय. एकाचे दोन चमचे झाले.

आत काय चाललं होतं? वाराणसीत थायरॉइड किंचित मंद असलेल्या 50 जणांवर झालेला प्रयोग 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. रोज 600 मिलिग्रॅम अर्काने आठ आठवड्यांत त्यांची थायरॉइडची हार्मोन्स वाढली आणि टीएसएच खाली आलं. जाहिरातदारांनी हे यश म्हणून मिरवलं. पण ज्याची कमतरता गोळीने आधीच भरून काढलेली आहे, त्याच्या भरलेल्या घागरीत हे वरून पाणी ओतणं झालं. सांडणारच. आणि ज्यांची थायरॉइड मुळातच जास्त चालते, त्यांनी तर या डब्याच्या वाटेलाच जाऊ नये. थायरॉइड अति झाली की धडधड होते, हात कापतात आणि झोप उडते. तेव्हा झोपेचं औषध घेऊन जागं राहायचं, हा चमत्कार वहिनींनी स्वखर्चाने करून दाखवला.

तपासणीत टीएसएच नेहमीच्या मर्यादेच्या पार खाली. डॉक्टरांनी विचारलं, “गोळीशिवाय आणखी कुठलं औषध चालू आहे?” वहिनी म्हणाल्या, “नाही हो, औषध एकही नाही.” त्या खोटं बोलत नव्हत्या. आपल्याकडे चूर्ण हे औषध नसतं. ते घरचं असतं. डॉक्टर गोळी कमी करायला पेन उचलणार, तेवढ्यात सोबत आलेल्या मुलाच्या तोंडून डब्याचा विषय निघाला. बरं झालं. गोळी कमी केली असती आणि पुढे डबा संपला असता, तर टीएसएच उलट्या दिशेने चढलं असतं आणि सगळे मिळून थायरॉइडच्या मागे धावत बसले असते. डॉक्टरांनी चूर्ण बंद केलं, गोळी तीच ठेवली आणि सहा आठवड्यांनी रक्त तपासायला सांगितलं. टीएसएच स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच. आठ दिवसांत तपासून भांडायला जाऊ नये.

गरोदर बाईची गोष्ट त्याहून सोपी आहे आणि म्हणूनच कुणी ऐकत नाही. तिला झोप लागत नाही, पाय दुखतात, आणि आत्या-मावश्या ताकदीचं काहीतरी घेऊन हजर असतात. जागतिक आरोग्य संघटनेने औषधी वनस्पतींच्या आपल्या ग्रंथात अश्वगंधेचं मूळ गर्भारपणात वर्ज्य ठरवलं आहे, कारण पूर्वापार तिचा वापर गर्भ पाडण्यासाठीही झाल्याची नोंद आहे. डेन्मार्कने तर थायरॉइड, लैंगिक हार्मोन्स आणि गर्भपाताच्या शंकेवरून 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आपल्या आयुष मंत्रालयाने बंदीमागच्या अहवालावर आक्षेप घेतला. गाभण उंदरांत अपाय दिसला नाही, असेही अभ्यास आहेत. चालू द्या त्यांचा वाद. पण असल्या प्रयोगांत गरोदर बायकांना घेतच नाहीत, तेव्हा ‘नैसर्गिक आहे, काही होत नाही’ हे वाक्य कशाच्या आधारावर बोललं जातं, ते आत्याबाईच जाणोत. धोतराही नैसर्गिकच आहे, आणि तो अश्वगंधेच्याच कुळातला. अंगावर पाजणाऱ्या आयांनीही पुरावा नसल्याच्या याच कारणाने थांबावं.

लिव्हरचं थोडक्यात सांगतो. अश्वगंधेमुळे कावीळ झाल्याचे रुग्ण आइसलँडपासून केरळपर्यंत नोंदले गेले आहेत. प्रमाण कमी आहे, बहुतेक जण डबा बंद केल्यावर काही महिन्यांत बरेही झाले. पण ज्यांचं लिव्हर आधीच खराब होतं, त्यांच्यातले काही दगावले. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली, की ‘उष्णता झाली’ म्हणून ताक पीत बसू नये. झोपेच्या गोळ्या, साखरेची किंवा बीपीची औषधं चालू असतील तर त्यांच्यावर हे चूर्ण चढून बसू शकतं, हेही ध्यानात ठेवावं.

डबा विकत घेतलाच असेल तर एकदा उलटा करून बघा. घोडा पुढे मोठा असतो, सूचना मागे बारीक असतात. थायरॉइडची गोळी चालू असेल, दिवस गेलेले असतील, बाळ अंगावर पीत असेल किंवा लिव्हरचा त्रास असेल, तर तो डबा उघडू नका. उघडला असेल, तर पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना तो पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा.